मांजा तारेत अडकला तर: संक्रांतीच्या दिवसांत गच्चीवर काय करायचं आणि काय नाही

येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर हे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं. मांजा गुंडाळायच्या आसाऱ्या फिरत असतात, पेच लागत असतात, खाली गल्लीत कटलेल्या पतंगांमागे पोरं धावत असतात. नागपूर, मालेगाव, पुण्यातल्या पेठा, जिथे जिथे संक्रांतीला पतंग उडतात तिथे थोड्याफार फरकाने हेच दृश्य असतं. याच गच्च्यांच्या कठड्यापासून चार-पाच फुटांवर विजेच्या उघड्या तारा गेलेल्या असतात. वर्षभर त्या नजरेत असून दिसत नाहीत, आणि या तीन दिवसांत पतंग नेमका तिथेच जाऊन बसतो.

या सणात विजेचे बरेचसे अपघात पतंग उडवताना होत नाहीत, अडकलेला पतंग काढताना होतात. मांजा तारेवर पडला, तिथपर्यंत नुकसान एका पतंगाचं असतं. त्यानंतर कोणीतरी ओढतं, काठी घालतं, कठड्यावर चढतं किंवा लोखंडी पाइप आणतं, आणि मग जीव जातो. म्हणून या लेखात दोनच गोष्टींवर जास्त वेळ देतो: मांजा तारेवर पडूच नये म्हणून गच्चीची पाहणी कशी करायची, आणि पडलाच तर पहिल्या मिनिटात काय करायचं.

आधी आपल्या आजूबाजूच्या तारा ओळखा

भोगीच्या आदल्या दिवशी, पतंग हातात नसताना, गच्चीवर जाऊन चारही बाजूंना पाहा. मुलांना बरोबर घ्या. तीन प्रकारच्या तारा दिसू शकतात.

पहिली गल्लीतली लघुदाब लाइन. खांबावर चार-पाच तारा, एकाखाली एक किंवा आडव्या, छोट्या चिनी मातीच्या चिमण्यांना बांधलेल्या. घरात वीज येते ती इथूनच. एका तारेत आणि जमिनीत २३० व्होल्टचा फरक असतो, दोन फेजमध्ये सुमारे ४०० चा. घरातल्या प्लगइतकाच व्होल्टेज म्हणून लोक या लाइनला कमी लेखतात. पण घरात फ्यूज, एमसीबी आणि असला तर गळती ओळखणारा स्विच तुमच्या मदतीला असतो. खांबावरच्या तारेला हात लागला तर यातलं काहीच मध्ये पडत नाही.

दुसरी उच्चदाब लाइन. यात बहुधा तीनच तारा असतात, खांबाच्या डोक्यावरच्या लोखंडी आडव्या पट्टीवर, उभ्या मोठ्या इन्सुलेटरवर बसवलेल्या. तारांचा माग काढलात तर त्या डीपीच्या माथ्यावर जाताना दिसतील. या ११,००० व्होल्टच्या असतात, पुण्यासारख्या काही भागांत २२,००० च्या. या तारेला शिवायचीही गरज नसते. फार जवळ गेलेल्या ओल्या काठीतून किंवा लोखंडी पाइपमधून ठिणगी उडी मारते.

तिसरे मोठे मनोरे, १३२ किंवा २२० हजार व्होल्टचे. त्यांच्याखालच्या पट्ट्यात पतंग उडवायचाच नाही, एवढं पुरे. रेल्वेमार्गावरची तार २५,००० व्होल्टची असते आणि मेट्रोच्या काही मार्गांवरही तेवढीच. मनमाडसारख्या जंक्शनजवळ राहणाऱ्यांनी ती हिशोबात धरायला हवी.

बऱ्याच जणांना वाटतं की काळपट झालेल्या तारेवर प्लास्टिक चढवलेलं आहे. तसं नसतं. ती ॲल्युमिनियमची उघडी तार असते, वर्षानुवर्षं हवेत राहून काळवंडलेली. काही भागांत आता पीळ घातलेली जाड काळी केबल टाकली आहे. तिच्यावर खरोखर आवरण असतं आणि मांजामुळे तारा एकमेकींना भिडण्याचा धोका तिथे फार कमी होतो. पण तिच्याही जोडांवर आणि घराकडे येणाऱ्या टोकांवर उघडा भाग असू शकतो, त्यामुळे ओढाओढीची मुभा तिथेही नाही. खांबावरून गेलेल्या टीव्ही आणि इंटरनेटच्या केबलवर पतंग अडकला तर तो "नुसता केबलवर आहे" असं समजू नका. त्या केबली अनेकदा लघुदाब तारांना टेकलेल्या असतात.

आता अंतराचं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार इमारतीच्या बाजूने जाणारी लघुदाब आणि ११ हजार व्होल्टचीही तार आडव्या रेषेत किमान १.२ मीटर दूर असावी लागते. डोक्यावरून जात असेल तर लघुदाबाला २.५ मीटर आणि ११ हजार व्होल्टला ३.७ मीटर. हे अंतर नीट डोळ्यांसमोर आणा. १.२ मीटर म्हणजे चार फूट. पूर्णपणे नियमात बसणारी लाइनसुद्धा कठड्यावर ओणवं होऊन काठी लांबवणाऱ्या माणसाच्या टप्प्यात असते. तार नियमाप्रमाणे आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत, असं इथे धरता येत नाही. नियम घर बांधून त्यात राहणाऱ्याचा विचार करतो, गच्चीवर बांबू फिरवणाऱ्याचा नाही. आणि जुन्या गावठाणात लाइन आधी आली आणि मजला नंतर चढला असेल, तर तेवढं अंतरही नसतं. अशी तार दिसली तर सणाची वाट न पाहता वीज कंपनीच्या कार्यालयात लेखी कळवा.

वारा कुठे वाहतो, त्यावर गच्ची ठरवा

पतंग उडवणाऱ्याला वारा मी काय सांगणार. पण तारांच्या हिशोबाने वाऱ्याकडे पाहणारे थोडेच असतात. पतंग कटला किंवा वारा पडला की मांजा वाऱ्याच्या दिशेने, जेवढा सोडला असेल तेवढ्या लांबीपर्यंत, खाली येऊन पसरतो. शंभर मीटर मांजा बाहेर असेल तर वाऱ्याखालच्या बाजूचे शंभर मीटर हा तुमच्या पतंगाचा पडण्याचा पट्टा. त्या पट्ट्यात तार असेल तर मांजा आज ना उद्या तिच्यावर पडणार. तार तुमच्या पाठीमागे, म्हणजे वारा ज्या बाजूने येतो तिकडे असेल, तर धोका बराच कमी.

एक उदाहरण घेऊ. दुमजली घर आहे. पूर्वेला गल्ली आणि गल्लीत लघुदाब लाइन. पश्चिमेला मोकळा प्लॉट आणि त्यापलीकडे, घरापासून तीस मीटरवर, ११ हजार व्होल्टची लाइन. जानेवारीत नाशिक जिल्ह्यात आणि एकूणच महाराष्ट्राच्या अंतर्भागात वारा बहुधा पूर्व-ईशान्येकडून येतो. त्यामुळे पतंग पश्चिमेला चढतो. मागची गल्लीतली लाइन दिसायला जवळ आहे म्हणून सगळे तिलाच घाबरतात, पण या घराचा खरा धोका समोर तीस मीटरवर आहे. तिथे पतंग उंच असताना मांजा तारेच्या बराच वरून जातो. साधारण ४५ अंशाचा कोन असेल तर तीस मीटरवर मांजा गच्चीपासून तीस मीटर उंच असेल. पण पेचात ढील दिली की मांजाला झोळ पडतो. त्याचा कोन दहा अंशांवर आला तर त्याच ठिकाणी तो गच्चीच्या वर जेमतेम पाच मीटर उरतो. पतंग दूर आकाशात दिमाखात उभा असतो आणि मांजाचं पोट तारेला घासायला आलेलं असतं. उडवणाऱ्याची नजर पतंगावर असल्याने हे त्याला दिसत नाही. आसारी धरणाऱ्याला दिसू शकतं, म्हणून त्याला हे काम आधीच सांगून ठेवा: तू मांजाच्या पोटाकडे बघ.

या गच्चीचा निर्णय मग असा. पूर्वेचा वारा असेपर्यंत इथून पेच लावायचे नाहीत. लहान मुलांना उडवायचंच असेल तर आसारीवर वीस मीटरच मांजा ठेवायचा आणि त्याचं टोक आसारीला पक्कं बांधायचं. म्हणजे पतंग सरळ समोर आडवा पडला तरी तीस मीटरवरच्या तारेपर्यंत पोचत नाही. पतंग कटून गेला तर तो कुठेही जाईल, पण त्याच्यामागे शंभर मीटरची शेपटी नसेल. मोठ्यांनी पेच खेळायला अशी गच्ची किंवा मैदान गाठावं, जिथे वाऱ्याखाली मांजाच्या लांबीइतक्या अंतरात लाइनच नाही. दुपारी वारा फिरला तर हिशोब पुन्हा करायचा. कोकणपट्टीत आणि मुंबईत दुपारनंतर समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून, वारा येतो. तिथे सकाळी चांगली असलेली गच्ची दुपारी वाईट ठरू शकते. दोरीवर वाळत घातलेली ओढणी कुठे उडते ते पाहिलं की कळतं.

मागची, पूर्वेची लाइनही अगदी विसरायची नाही. पतंग चढवताना तो पहिल्या काही मीटरांत गोता खातो, आणि कठड्याला टेकून उभं राहिलात तर तो गोता नेमका गल्लीतल्या तारांवर जातो. म्हणून चढवताना गच्चीच्या मध्यावर किंवा तारेच्या विरुद्ध कडेला, पण कठड्यापासून आत, उभं राहायचं. तारेच्या बाजूच्या कठड्यापासून दोन मीटर आत खडूने एक रेघ मारा आणि तिच्यापलीकडे कोणी जायचं नाही असं ठरवा. मुलांना "जपून" म्हणून सांगितलेलं राहत नाही, रेघ राहते.

संध्याकाळची वेळ वेगळी सांभाळा. सूर्य कलला की वारा बऱ्याचदा अचानक पडतो आणि वर असलेले पतंग एकाच वेळी खाली येतात. त्याच सुमारास रस्त्यावरचे दिवे लागतात, म्हणजे दिवसभर बंद असलेली दिव्यांची तारही चालू होते. अंधार पडायच्या अर्धा तास आधी पतंग उतरवून घ्या.

मांजाबद्दल थोडकं

नायलॉनचा मांजा वापरू नका. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्याच्या मांजावर देशभर बंदी घातली. माणसांचे गळे आणि पक्ष्यांचे पंख हे त्यामागचं कारण सर्वांना माहीत आहे. तारांच्या दृष्टीने कारण आणखी एक आहे: तो तुटत नाही. सुती मांजा तारेवर अडकून ताणला तर बहुतेक वेळा तुटून मोकळा होतो. नायलॉनचा मांजा तारेलाच ओढून दुसरीवर नेतो. काही मांजांच्या लेपात धातूची पूड असते, ती वीज वाहून नेते.

सुती मांजाही कोरडा असेल तोवरच वीज अडवतो. पहाटेचं दव, पाण्यात भिजलेली गच्ची, घामेजलेले हात, यांतलं काहीही त्याला ओला करायला पुरेसं आहे. चमकीच्या, चांदीसारख्या कागदाचे पतंग आणि जुन्या कॅसेटच्या फितीच्या शेपट्या टाळा. दोऱ्याला दगड बांधून दुसऱ्याचा पतंग ओढायचं लंगर तारांच्या गल्लीत टाकणं म्हणजे स्वतःच्या हाताने दोन तारा एकत्र बांधणं. ते अजिबात नको.

मांजा तारेवर पडला: पहिलं मिनिट

हे मिनिट बहुतेक वेळा पेच कटल्यावर येतं. पतंग गेला, हातातला उरलेला मांजा सैल होऊन खाली येतोय, आणि सवयीने आपण तो भराभर गुंडाळायला लागतो. थांबा. आधी मांजा कुठे पडलाय ते नजरेने शेवटपर्यंत पाहा. मध्ये कुठेही तारेवरून गेला असेल तर गुंडाळणं तिथेच बंद.

ओढल्यावर काय होतं ते समजून घेतलं तर हात आपोआप थांबतो. गल्लीतल्या दोन खांबांमध्ये तारा थोड्या सैल, लोंबत्या असतात. त्यांच्यातलं अंतर फुटाच्या आसपास. मांजा एका तारेला वेढा घालून बसतो आणि ओढला की ती तार झुलत शेजारच्या तारेला लागते. मोठा आवाज, निळा-पांढरा उजेड, वितळलेल्या ॲल्युमिनियमचे थेंब खाली. काही वेळा तिथेच तार तुटते आणि गल्लीत पडते. म्हणजे ओढणाऱ्याला झटका बसला नाही तरी खाली उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

म्हणून मांजा तारेत अडकल्याचं लक्षात येताच तो हातातून सोडा. आसारी किंवा चक्रीही सोडा, ती जिथे पडेल तिथे पडू द्या. मांजा बोटाला गुंडाळायची सवय असेल तर ती इथे घात करते, कारण सोडायच्या वेळी सुटत नाही. सुरुवातीपासूनच बोटाला वेढा देऊ नका. सोडल्यावर मांजापासून दूर व्हा आणि गच्चीवरच्या सगळ्यांना मागे घ्या. तो मांजा आता त्या तारेचाच भाग आहे असं समजा. कात्रीने, ब्लेडने, दाताने तोडायचा नाही. "एवढंच टोक तर आहे" म्हणून परत उचलायचा नाही. शक्य असेल तर सगळे खाली उतरा आणि गच्चीचं दार लावून घ्या. आसारी कितीही आवडती असली तरी ती उद्या परत मिळेल.

नंतर गल्लीत पाहा. मांजा तारेपासून रस्त्यावर लोंबत असेल तर दोन्ही बाजूंना थोड्या अंतरावर एकेक मोठा माणूस उभा करून दुचाकी थांबवा किंवा वळवा. लोंबणारा मांजा बाजूला करण्यासाठीही हात लावायचा नाही.

आणि खाली जमलेल्या पोरांना आवरा. कटलेल्या पतंगामागे येणाऱ्या मुलांच्या हातात बोरी-बाभळीची काटेरी फांदी बांधलेला लांब बांबू असतो. बांबू हिरवा किंवा ओला असेल, त्याला लोखंडी तार गुंडाळलेली असेल, तर उच्चदाब लाइनजवळ तो उंचावणं प्राणघातक आहे. वाळक्या लाकडात वीज वाहत नाही हे शाळेत शिकलेलं वाक्य ११,००० व्होल्टला लागू पडत नाही. झाडावर चढून फांदीवरून तारेपर्यंत पोचणं, डीपीच्या कुंपणात शिरणं, खांबाला धरून हलवणं, खांबाची जमिनीत पुरलेली ताण-तार हलवणं, हे सगळं त्याच यादीत.

"लाइट गेलीये, आता काढून घेऊ" या वाक्यावर नीट थांबा, कारण जाणकार म्हणवणारेही इथे फसतात. तारा भिडून लाइट जाते तेव्हा ती नेमकी कुठून गेली हे तुम्हाला खालून कळत नाही. एका फेजचा फ्यूज उडाला असेल तर उरलेल्या तारा जिवंतच असतात. ११ हजार व्होल्टचा फीडर ट्रिप झाला असेल तर उपकेंद्रातला माणूस काही मिनिटांत तो पुन्हा चालू करून पाहतो. दोष तात्पुरता होता का हे तपासायची ती नेहमीची रीत आहे. तुम्ही कठड्यावर आहात हे त्याला माहीत नसतं. शिवाय कोणाच्या तरी चुकीच्या जोडलेल्या जनरेटरमधूनही लाइनवर वीज उलटी येऊ शकते. लाइन बंद करून, तिला जमिनीशी जोडून, हातात परमिट असलेला माणूसच तारेला हात लावू शकतो.

तारा भिडल्यानंतर घरातले काही दिवे भगभगीत आणि काही मंद झाले, पंखा वेगाने फिरू लागला, तर लगेच मीटरजवळचा मेन स्विच बंद करा. न्यूट्रल तार तुटल्याची ही खूण आहे. अशा वेळी घरात २३० ऐवजी ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतो आणि फ्रिज-टीव्ही जळतातच, आगही लागू शकते.

तक्रार कशी द्यायची

महावितरणच्या भागात १९१२ हा क्रमांक आहे, तसेच १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५ हे टोल फ्री. मुंबईत तुमच्या वीज कंपनीचा क्रमांक बिलावर छापलेला असतो. रेल्वेच्या तारेसाठी १३९. हे क्रमांक भोगीच्या आदल्या दिवशीच गच्चीच्या दारावर कागदावर लिहून चिकटवा.

संक्रांतीच्या दिवशी तक्रारी इतक्या असतात की "आमच्याकडे पतंग अडकलाय" एवढ्यावर कोणाला आधी पाठवायचं हे ठरत नाही. फोनवर चार गोष्टी सांगा. बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक, म्हणजे तुमची डीपी लगेच सापडते. जवळच्या खांबावर रंगवलेला क्रमांक, असेल तर. मांजा कोणत्या लाइनवर आहे: चार-पाच तारांच्या की तीन तारांच्या. आणि आत्ता काय होतंय: दोन तारा एकमेकींना बांधल्या गेल्यात का, ठिणग्या उडतात का, मांजा रस्त्यावर लोंबतोय का, तार तुटलीय का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर तेच वाक्य पहिलं बोला.

नुसता पतंग तारेवर निवांत बसला असेल, मांजा खाली लोंबत नसेल, तर तसंही प्रामाणिकपणे सांगा. त्या दिवशी तो शेवटी निघेल आणि तेच बरोबर आहे.

जनमित्र, म्हणजे महावितरणचा लाइनमन, आल्यावर त्याला त्याच्या पद्धतीने करू द्या. तो आधी उपकेंद्राशी बोलून लाइन बंद करून घेईल, स्विच उघडेल, तार खरंच मेली आहे का पाहून अर्थिंगचा रॉड लावेल आणि मगच चढेल. दहा मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागतो तो यामुळे. "सगळ्यांची लाइट कशाला घालवता, काठीने पाडा ना" असा आग्रह गल्लीत हमखास होतो. हा आग्रह त्याच्या जिवाशी खेळ आहे, तो कोणी करत असेल तर थांबवा. आणि उशीर होतोय म्हणून ओळखीच्या खासगी वायरमनला खांबावर चढवू नका. त्याच्याकडे परमिट नसतं, आणि त्याने खालचा फ्यूज काढला तरी वरची लाइन चालूच असते.

तार तुटून पडली तर

पडलेली तार हलत नाही, ठिणगी उडत नाही, म्हणून ती मेलेली नसते. कोरड्या मातीवर, डांबरावर किंवा फरशीवर पडलेल्या तारेतून इतकी कमी वीज वाहते की फ्यूज उडत नाही आणि उपकेंद्रातल्या यंत्रणेलाही कळत नाही. तार तशीच जिवंत पडून राहते.

तिच्यापासून सगळ्या बाजूंनी किमान दहा मीटर, म्हणजे मोठी पंधरा पावलं, दूर राहा आणि इतरांना ठेवा. गुरं, कुत्री, गल्लीतले लोखंडी पत्रे, पाण्याची डबकी, सगळं लक्षात घ्या. तार कुंपणाच्या जाळीला टेकली असेल तर ती जाळी पार पलीकडच्या टोकापर्यंत धोकादायक आहे. तार पडली तेव्हा तुम्ही जवळच असाल तर धावू नका. पडलेल्या तारेभोवतीच्या जमिनीतही वीज पसरलेली असते, आणि दोन पाय लांब टाकले की एका पायातून दुसऱ्या पायाकडे ती शरीरातून जाते. पाय एकमेकांना चिकटवून, जमिनीवरून न उचलता, पाऊलभरही न टाकता घसरत घसरत बाहेर या. गाडीवर तार पडली असेल तर आतल्यांनी आतच बसून राहायचं. गाडीने पेट घेतला तरच, गाडीला आणि जमिनीला एकाच वेळी न शिवता, दोन्ही पाय जोडून बाहेर उडी मारायची आणि तसंच घसरत दूर जायचं.

कोणाला झटका बसला तर

उच्चदाब लाइनशी किंवा तिच्यावरून आलेल्या मांजाशी माणूस अजून जोडलेला असेल तर जवळ जाऊ नका. हे लिहायला कठीण आहे, पण पहिल्यामागे दुसरा आणि दुसऱ्यामागे तिसरा असेच जातात. वीज कंपनीला आणि १०८ ला एकाच वेळी दोन वेगवेगळ्या फोनवरून कळवा, आणि लाइन बंद झाल्याचं कंपनीकडून कळेपर्यंत दहा मीटर बाहेर थांबा.

गच्चीवरच्या घरगुती वायरमुळे झटका बसला असेल, म्हणजे दिव्यांची माळ किंवा गाण्यांचा स्पीकर, तर आधी मेन स्विच बंद करा.

माणूस तारेपासून सुटा झाला आहे आणि जागा सुरक्षित आहे हे नक्की झाल्यावर तो बोलतो का, श्वास घेतो का ते पाहा. बेशुद्ध असेल आणि श्वास नीट चालत नसेल तर त्याला सपाट, कठीण जागेवर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवून, त्यावर दुसरा हात ठेवून, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाबा. मोठ्या माणसाची छाती दर वेळी पाच ते सहा सेंटिमीटर खाली गेली पाहिजे आणि पूर्ण वर येऊ दिली पाहिजे. तुम्हाला तोंडाने श्वास द्यायला येत असेल तर ३० दाबांनंतर दोन श्वास द्या. येत नसेल तर नुसतं दाबत राहा. दमलात तर दुसऱ्याने लगेच पुढे घ्यायचं, मध्ये थांबायचं नाही. विजेच्या झटक्याने थांबलेलं हृदय वेळेत दाबणं सुरू झालं तर परत चालू झाल्याची उदाहरणं आहेत, म्हणून रुग्णवाहिका येईपर्यंत हात थांबवू नका. पायाला माती लावणं, अंगावर पाणी ओतणं, वाळूत पुरणं यात हातातली मिनिटं जातात.

गच्चीवरून पडला असेल तर मान आणि पाठ वाकणार नाही याची काळजी घ्या. भाजलेल्या जागेवर हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका. स्वच्छ, कोरडं, सुती कापड सैल ठेवा. आणि झटका बसून तो माणूस लगेच उठून "काही नाही झालं" म्हणाला तरी त्याला दवाखान्यात न्याच. वरून दिसणारा डाग नखाएवढा असला तरी आत स्नायू भाजलेले असू शकतात, आणि हृदयाचे ठोके काही तासांनी बिघडू शकतात. डॉक्टरांना कोणत्या लाइनचा झटका होता हे सांगा. ईसीजी काढायची गरज त्यावरून त्यांना लगेच कळते.

करीनंतरची सकाळ

सण संपला तरी तारांवर, खांबांवर आणि झाडांवर मांजा लोंबत राहतो. पहाटेच्या दवाने तो ओला होतो, एखादं मूल शाळेत जाताना त्याला हिसका देतं, आणि इन्सुलेटरभोवती गुंडाळलेला मांजा ओला झाल्यावर लाइन ट्रिप होते. म्हणून गल्लीतल्या एक-दोघांनी त्या सकाळी फेरी मारावी. खांबाचा फोटो, त्यावरचा क्रमांक, मांजा कोणत्या तारेवर आहे, एवढं एका कागदावर लिहून वीज कंपनीच्या तुमच्या भागातल्या कार्यालयात द्यावं. एका खांबाची तक्रार एका फोनने सांगण्यापेक्षा दहा खांबांची यादी दिली, तर त्यांना लाइन एकदाच बंद करून सगळं काढता येतं.

गच्चीवर, अंगणात आणि तारांपासून लांब असलेल्या झाडांवर अडकलेला मांजा तुम्ही स्वतः काढू शकता. कात्रीने बारीक तुकडे करून कागदात गुंडाळून टाका, म्हणजे पक्ष्यांच्या पायांत जाणार नाही. झाडाची फांदी तारेच्या जवळून जात असेल तर ते झाड तुमच्या यादीत लिहा आणि हात लावू नका.